केळीच्या बागेचं एआय चित्र कॅलेंडरवर छापायचंय, पण मोठं केलं की पानांना पिसं फुटतात

निळी_शाई | सोमवार, रात्री १०:१२

नमस्कार मंडळी. फैजपूरला माझं डीटीपीचं छोटं दुकान आहे. सध्या कॅलेंडरचे दिवस. एका कृषी सेवा केंद्राचं भिंतीवरचं कॅलेंडर आलंय, १५ बाय २० इंच, वरच्या अर्ध्यात चित्र आणि खाली तारखा. चित्र केळीच्या बागेचं, मागे सातपुडा, कोवळं ऊन, पुढे काळी माती. एआयवर बनवलं, मालकांनी पाहिलं आणि जे आवडलं ते आवडलं. आता त्यातलं एक झाडसुद्धा इकडचं तिकडे करायची सोय नाही. "हेच पाहिजे."

चित्र आहे १२१६ बाय ८३२ पिक्सेलचं. छापखाना म्हणतो ब्लीडसकट १५.२५ बाय १०.२५ इंच, ३०० डीपीआय. म्हणजे ४५७५ बाय ३०७५. जवळजवळ पावणेचार पट मोठं करायचंय.

तीन प्रकार करून पाहिले.

१. फोटोशॉपमध्ये सरळ मोठं केलं. सगळं मऊ, चष्मा काढल्यासारखं.

२. रिअल-ईएसआरगॅनचं RealESRGAN_x4plus हे मॉडेल लावलं. कडा सुरेख आल्या, पण माती मेणाची झाली. ढेकळं गेली, वरून कोणीतरी हात फिरवून सारवल्यासारखं दिसतं.

३. स्टेबल डिफ्यूजनमध्ये तुकडे पाडून, डीनॉइज ०.४५ ठेवून मोठं केलं. माती झकास आली! पण केळीची पानं मोरपिसांसारखी झाली, डोंगरावर एक झोपडी उगवली, आणि दोन ओळींमधल्या सावलीत बारके बारके केळीचे घड लटकायला लागले. जमिनीपासून वीतभर उंचीवर.

दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रकारातला एकेक तुकडा शंभर टक्क्यांवर कापून खाली जोडलाय. मधला मार्ग काय?

फ्लेक्सवाला_धुळे | सोमवार, रात्री १०:३१

ताई, एवढं टेन्शन नका घेऊ. मी परवाच २० बाय १० फुटांचा फ्लेक्स छापला, असंच एआयचं चित्र होतं, तेही व्हॉट्सॲपवरून आलेलं. पूर्ण मापाला ३५ डीपीआय सुद्धा भरत नव्हतं. चौकात लावला, बठ्ठा गाव बघून गेला, कोणी काही बोललं नाही. डीपीआय ही प्रेसवाल्यांची घाबरवायची पद्धत आहे. ७२ वर द्या आणि मोकळे व्हा.

चोपडा_एक्सप्रेस | सोमवार, रात्री १०:४०

इमेज साइजमध्ये जाऊन ७२ च्या जागी ३०० लिहिलं की होतं ना? मी तर तसंच करतो.

चार_रंग | सोमवार, रात्री ११:०५

चोपडाभाऊ, तो नुसता डब्यावरचा कागद. खाली रिसॅम्पलची खूण काढलेली असेल तर पिक्सेल होते तेवढेच राहतात आणि चित्र छापताना लहान येतं. खूण असेल तर ताईंचा पहिला प्रकार होतो.

फ्लेक्सवाले दादा, तुमचं चुकलं नाही, फक्त ते कॅलेंडरला लागू नाही. माणूस किती लांबून बघतो यावर सगळं आहे. आमच्याकडे एक ढोबळ हिशोब चालतो, ३४३८ ला इंचातल्या अंतराने भागायचं. तुमचा फ्लेक्स १० फुटांवरून बघितला तर १२० इंच, उत्तर २९ च्या आसपास. म्हणून तुमचा ३५ चा माल खपला. कॅलेंडर लोक खिळ्याला टांगायच्या आधी हातात धरतात, फुटावरून बघतात. १२ ने भागा, २८६ येतं. ३०० चा आकडा असा आलाय, आकाशातून पडला नाही.

पण ताई, ३०० वर अडून बसायचंही कारण नाही. जळगावात ऑफसेटवर बावीस वर्षं काढली मी. आर्ट पेपरवर १५० लाइनचा स्क्रीन असेल तर चित्राला त्याच्या दीडपट, म्हणजे २२५ पुरतं. दुप्पट मागायची ती सवय. तुमच्या चित्रात अक्षरं नाहीत, ती वेगळी व्हेक्टरमध्ये येतील. मग ३४३१ बाय २३०६ पिक्सेल पुरे, म्हणजे २.८ पट. पावणेचार आणि पावणेतीन यात फार फरक आहे. प्रत्येक जादा पट म्हणजे मशिनला थापा मारायला जादा जागा.

छापखान्यात आधी सांगून ठेवा, नाहीतर फाइल तपासणारा पोरगा ३०० पेक्षा कमी दिसलं की परत पाठवतो.

केळीवाला_काका | मंगळवार, सकाळी ६:२०

फोटो पाह्यला. बाई, यात घडच चुकला आहे! समोरच्या झाडाच्या घडाला केळी खाली तोंड करून लटकून राह्यली. केळी भरायला लागली की वर वळते. रावेर तालुक्यात हे कॅलेंडर कोणाच्या ओट्यावर लागलं तर लोक हसतील. कंपनी कोणती बी असो, आधी घड सरळ करा मंग छापा.

निळी_शाई | मंगळवार, सकाळी ९:०२

काका, ते मोठं करताना झालेलं नाही, मूळ चित्रातच तसं आहे. 😄 पण बरोबर पकडलंत. मालक स्वतः केळीवाले, त्यांच्याही नजरेतून सुटलं! आधी मोठं करायचं जमू दे, मग घडाकडे वळते.

केळीवाला_काका | मंगळवार, सकाळी ९:१५

मंग दुसरंही सांगतो. तुम्ही पिसं म्हणता ना, ती का झाली ते मला दिसतं. केळीच्या पानाची शीर मधल्या दांड्यापासून काठापर्यंत सरळ जाते, एकीला एक लागून, ताटातल्या शेवयांसारखी. वाऱ्यानं पान फाटतं ते त्या शिरेच्या रेषेतच फाटतं. तुमच्या तिसऱ्या फोटोत चिरा बरोबर रेषेत आहेत, पण प्रत्येक चिरेतून आणखी बारीक फाटे फुटले आहेत. तसं आंब्याच्या पानाला असतं, पिसाला असतं. केळीला नसतं.

किंचित | मंगळवार, दुपारी १:४८

काकांनी जे सांगितलं ते कुठल्याही सॉफ्टवेअरच्या पानावर सापडणार नाही. मोठं करताना घातलेला खोटा तपशील पकडायचा तर ती वस्तू रोज हाताळणारा माणूस लागतो. मशिनने मूळ चित्रात चार चिरा पाहिल्या आणि 'चिरा असलेलं लांब हिरवं काहीतरी' या आठवणीतून पीस काढलं.

ताई, उपाय सांगण्याआधी एक विचारतो. तुमच्या दुसऱ्या तुकड्यात, मातीत उजवीकडे, मला चौकटींची पुसट जाळी दिसते. मी मोजली, दर ३२ पिक्सेलला रेघ आहे. चार पट मोठं केलेल्या चित्रात ३२, म्हणजे मूळ चित्रात ८. जेपेगचे ठोकळे ८ बाय ८ चेच असतात. मूळ फाइल तुमच्या कॉम्प्युटरवर कशी आली?

निळी_शाई | मंगळवार, दुपारी २:१०

अरे देवा. चित्र मोबाइलवर बनवलं आणि दुकानातल्या कॉम्प्युटरवर व्हॉट्सॲपने पाठवलं. स्वतःच स्वतःला.

किंचित | मंगळवार, दुपारी २:३५

मग तुमचा अर्धा प्रश्न तिथेच आहे. व्हॉट्सॲप फोटो म्हणून पाठवलं की जेपेगमध्ये पुन्हा दाबतं. माप कदाचित तेवढंच राहतं म्हणून कळत नाही, पण मातीतला बारीक दाणा आधी मरतो, कारण दाबताना सगळ्यात स्वस्त तोच पडतो.

त्यावर रिअल-ईएसआरगॅन काय करतं? ते मुद्दाम खराब केलेल्या फोटोंवर शिकलेलं आहे. चांगला फोटो घ्यायचा, धूसर करायचा, त्यात नॉइज घालायचा, जेपेगमध्ये दाबायचा आणि मग मशिनला सांगायचं की आता मूळ फोटो परत आण. त्यामुळे दाणेदार काही दिसलं की हा कचरा आहे, पुसला पाहिजे, असं ते धरून चालतं. मातीतले उरलेसुरले दाणे आणि जेपेगची घाण यात त्याला फरक करता येत नाही. दोन्ही एकाच फडक्याने पुसतं. तुमचं मेण म्हणजे ते.

तर पहिलं काम, मोबाइलमधली मूळ पीएनजी काढा. केबलने आणा, ड्राइव्हवरून आणा, व्हॉट्सॲपवरूनच आणायची तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा. जेपेग हातात नको.

दुसरं, x4plus सोडा. त्याच संचात realesr-general-x4v3 नावाचं मॉडेल आहे. त्यात किती पुसायचं ते आपण ठरवू शकतो. -dn ही ती खुंटी, १ म्हणजे भरपूर पुसणार, ० म्हणजे जवळजवळ नाहीच. न सांगता ०.५ असते. तुमची फाइल स्वच्छ असेल तर ०.२ वर ठेवा.

```
python inference_realesrgan.py -n realesr-general-x4v3 -i kelibag.png -o out -s 4 -dn 0.2 -t 512
```

शेवटचं -t ५१२ हे कार्डाची मेमरी कमी असेल तरच. चार पट केल्यावर ४८६४ बाय ३३२८ येईल. ते मग ३४३१ वर खाली आणायचं. आधी गरजेपेक्षा मोठं करून मग सत्तर टक्क्यांवर आणलं की मशिनने केलेल्या सगळ्यात बारीक लबाड्या, त्या सुताएवढ्या रेघा आणि कडांभोवतीचं पांढरं कुंपण, बरंचसं विरून जातं. दोन पट, मग परत दोन पट असं मात्र करू नका. पहिल्या फेरीतली चूक दुसऱ्या फेरीला खरी वस्तू वाटते.

बाकी रात्री लिहितो, ऑफिसात आहे.

रात्रपाळी | मंगळवार, संध्याकाळी ७:२०

मी किंचितशी पूर्ण सहमत नाही. ताईंचा तिसरा प्रकारच योग्य आहे, फक्त आकडे चुकलेत. ०.४५ हा फार जास्त. मी ०.२ ते ०.२५ वर चालवतो, सोबत कंट्रोलनेटचं टाइल मॉडेल लावतो म्हणजे प्रत्येक तुकडा मूळ आकार धरून बसतो.

आणि सावलीत लटकलेले बारके घड कसे आले ते सांगू? ताई, तुम्ही प्रॉम्प्ट तोच ठेवला असणार, 'केळीची बाग, घड, सातपुडा, सकाळ' वगैरे. तुकड्यातुकड्याने काम होतं तेव्हा तो अख्खा प्रॉम्प्ट प्रत्येक तुकड्याला लागतो. नुसत्या सावलीच्या तुकड्यालाही मशिन विचारतं, यात केळीची बाग कुठे आहे? दिसत नाही, मग काढतं. डोंगरावरची झोपडी त्यातलीच. प्रॉम्प्ट रिकामा ठेवा किंवा नुसतं 'माती, पानं, बारीक पोत' एवढंच लिहा.

निळी_शाई | मंगळवार, संध्याकाळी ७:४४

प्रॉम्प्ट तोच होता. शब्द न शब्द.

किंचित | मंगळवार, रात्री ११:३०

रात्रपाळींनी घडांचं कारण अचूक सांगितलं. तरी छापायच्या कामात मी डिफ्यूजनला शेवटचा पर्याय मानतो. त्या मॉडेलमध्ये चित्र आत जाताना आठ पट लहान होतं आणि बाहेर येताना परत फुलवलं जातं. म्हणजे डीनॉइज कितीही कमी ठेवा, बारीक पोत एकदा मोडून नव्याने विणला जातोच. ०.२ वर पिसं येणार नाहीत, पण पानाच्या शिरा काकांच्या शेवयांसारख्या राहतील याची खात्री मी देणार नाही.

आता उरलेलं. मोठं करताना सगळ्यात मोठी चूक म्हणजे अख्ख्या चित्राला एकच औषध. ताईंच्या चित्रात तीन वेगवेगळ्या गोष्टी आहेत.

आकाश आणि सातपुडा. यांना एआयने मोठं करायची काही गरज नाही. लांबचा डोंगर धुरकटच असतो, तो टोकदार केला की पडद्यावर रंगवल्यासारखा दिसतो, वर झोपड्या उगवतात त्या वेगळ्या. इथे साधं बायक्युबिक ठेवा.

मधल्या ओळी. इथे दोन थर घ्या. खाली बायक्युबिक, वर एआयने मोठं केलेलं, आणि वरच्याची अपारदर्शकता ५०–६० टक्के. दोन्ही एकाच मापाचे, एकावर एक अचूक बसले पाहिजेत. मशिनने घातलेलं काही शंकास्पद असेल तर ते निम्मं पडतं, कडा मात्र राहतात.

पुढची पानं. इथे एआयचा थर पूर्ण, पण मोठ्या ब्रशने मास्क करत जा आणि प्रत्येक पान शंभर टक्क्यांवर बघा. फाटा दिसला की मास्क करून खालचं मऊ पान वर येऊ द्या. मऊ पान कोणाला खटकत नाही, खोटं पान खटकतं.

माती हा अवघड भाग आहे. मूळ पीएनजीतून काय निघतं ते आधी बघू.

काही बदललंय का ते तपासायला हे करा. मोठं चित्र परत मूळ मापावर आणून दोघांची वजाबाकी करायची.

```
magick mothe.png -filter Box -resize "1216x832!" lahan.png
magick kelibag.png lahan.png -compose difference -composite -evaluate multiply 8 farak.png
```

ही तपासणी थर मिसळल्यावर पण कापायच्या आधी, पूर्ण चित्रावर करायची. कापल्यावर मापांचं प्रमाण बदलतं आणि सगळंच चुकलेलं दिसतं. farak.png जवळजवळ काळं आलं पाहिजे. पानांच्या कडांवर बारीक राखाडी रेघा चालतात. कुठे ठिपका किंवा डाग उजळला तर तिथे आकार किंवा रंग बदललाय. तुमच्या तिसऱ्या चित्रावर चालवून बघा, झोपडी दिव्यासारखी पेटेल.

रात्रपाळी | बुधवार, मध्यरात्री १२:१०

ही तपासणी मला माहीत आहे, आणि ती निम्मीच सांगते. लहान केल्यावर नाहीसं होतं ते वजाबाकीत येणारच नाही. काकांनी दाखवलेले बारीक फाटे मूळ मापाला एका पिक्सेलपेक्षा लहान आहेत. वजाबाकी काळी येईल आणि पीस तसंच राहील.

किंचित | बुधवार, सकाळी ७:५५

मान्य. वजाबाकी झोपडी पकडते, पीस पकडत नाही. पिसाला डोळेच लागतात, शक्यतो काकांचे.

फ्लेक्सवाला_धुळे | बुधवार, सकाळी १०:२२

एवढं करण्यापेक्षा वरून थोडा ग्रेन मारा ना. आमच्याकडे असंच झाकतात. फोटोशॉपमध्ये ॲड नॉइज, ३ टक्के, विषय संपला.

चार_रंग | बुधवार, सकाळी ११:४०

कल्पना बरोबर, माप चुकीचं. हे मी इतक्या डिझायनरांकडून पाहिलंय की सांगायलाच हवं.

१५० लाइनच्या स्क्रीनवर एका इंचात १५० ठिपके बसतात. तुमची फाइल २२५ ची, म्हणजे एका ठिपक्याच्या घरात दीड पिक्सेल. ॲड नॉइज एकेका पिक्सेलचा दाणा टाकतं. प्लेट बनवताना शेजारचे पिक्सेल त्या घरात मिसळून सरासरी निघते, आणि दाणा बराचसा गायब. स्क्रीनवर झकास दिसतं, कागदावर परत मेण. मग फोन आम्हाला येतो की तुमच्या मशिनने टेक्श्चर खाल्लं.

दाणा दोन-तीन पिक्सेलचा पाहिजे. सोपी युक्ती, नॉइज निम्म्या मापाच्या ५० टक्के करड्या थरावर टाका, मग तो थर दुप्पट करून चित्रावर ओव्हरलेमध्ये ठेवा. आणि मोनोक्रोमॅटिकची खूण करा, रंगीत दाणा सीएमवायकेत गेला की हिरव्यात मळ दिसतो. हे अगदी शेवटी, चित्र अंतिम मापाला आल्यावर. ग्रेन टाकून मग चित्र लहानमोठं केलं तर सगळं पाण्यात.

आकाशालाही थोडा द्या, तिथे पट्टे पडायची भीती असते.

खानदेशी_खटपट्या | बुधवार, दुपारी १२:०५

भाऊ, मला लग्नपत्रिकेवर आजोबांचा १९७२ सालचा फोटो असाच मोठा करायचाय. हीच पद्धत चालेल का? एकाने करून दिला तर आजोबांचा चेहरा कोणत्यातरी नटासारखा झाला, आज्जी म्हणते हे आपले नव्हेत.

किंचित | बुधवार, दुपारी १२:४०

चेहऱ्याचं गणित वेगळं आहे, त्यात चेहरा सुधारायची जी खूण असते ती आधी काढा. बाकी वेगळा धागा काढा, इथे केळीत आजोबा हरवतील.

निळी_शाई | शुक्रवार, रात्री ९:५०

काय झालं ते सांगते.

मूळ पीएनजी मोबाइलमध्येच होती. दोन्ही शेजारी ठेवून पाहिलं तर मला माझीच लाज वाटली. व्हॉट्सॲपवाल्या चित्रात मातीत नुसते तपकिरी पट्टे, पीएनजीत खरोखर ढेकळं.

x4v3, -dn ०.२. माती खूपच सुधारली. आकाश आणि डोंगर बायक्युबिक, मधल्या ओळी ५५ टक्क्यांवर, पुढची सहा पानं हाताने मास्क. एवढ्याला पावणेदोन तास गेले. वजाबाकी केली तर डावीकडे खाली एक डाग पेटला. जाऊन बघते तर ठिबकच्या नळीचं टोक. मूळ चित्रात नळी मातीत शिरते, मशिनने तिला टोकाशी फणा काढला होता! तिथे मऊ थर वर आणला.

मग २२५ वर आणून, कापून ग्रेन. चार_रंग दादांचं ऐकून एकाच पट्टीवर दोन प्रकार केले, डावीकडे ॲड नॉइज ३ टक्के सरळ, उजवीकडे निम्म्या मापावरचा दुप्पट केलेला, तो ८ टक्के. चार इंचांची पट्टी, पुढची माती आणि एक पान येईल अशी. छापखान्यात दुसऱ्या एका कामाच्या शीटवर कोपऱ्यात जागा होती, तिथे टाकून घेतली, त्याच आर्ट पेपरवर.

स्क्रीनवर डावी बाजू छान होती आणि उजवी मला जरा खरबरीत वाटत होती. कागदावर उलटं. डावी बाजू गुळगुळीत, ग्रेन टाकलाय हे मला माहीत असूनही दिसेना. उजवी बाजू फोटोसारखी. छापखान्यातल्या दादांना काही न सांगता विचारलं, त्यांनी उजवीवर बोट ठेवलं.

फाइल २२५ ची म्हणून तपासणीत अडली होतीच. आधी सांगून ठेवलं होतं म्हणून सुटली.

एक जमलं नाही. अगदी पुढची माती, खालच्या दोन इंचांतली, अजून सपाट आहे. तिथे मूळ चित्रातच काही नाही.

किंचित | शुक्रवार, रात्री १०:३०

ठिबकच्या नळीला फणा! खानदेशात पावसाळ्यात ते खरंही वाटेल.

मातीसाठी दोन वाटा. एक, तिथे तारखांची पट्टी थोडी वर घ्या आणि प्रश्न झाकून टाका. दुसरी, खऱ्या काळ्या मातीचा फोटो काढा, त्यातला फक्त बारीक पोत हाय-पासने काढून ओव्हरलेमध्ये २०–२५ टक्के. मात्र फोटो उभ्याने वरून काढू नका, बसून, चित्रातल्याच तिरकस नजरेने काढा. नाहीतर जवळची आणि लांबची ढेकळं सारखीच दिसतील.

रात्रपाळी | शुक्रवार, रात्री १०:५२

म्हणजे दुसऱ्या शेतातली माती या शेतात टाकायची. हे खोटं नाही आणि माझं ०.२ चं डिफ्यूजन मात्र खोटं? मूळ चित्रातलं शेतच अस्तित्वात नाही, किंचित. आपण कशाशी प्रामाणिक राहतोय?

किंचित | शुक्रवार, रात्री ११:०८

मालकांनी ज्या चित्राला हो म्हटलं त्याच्याशी. मातीच्या पोताने त्यांचं चित्र बदलत नाही, झोपडीने बदलतं. तुमचं ०.२ कोणत्या बाजूला पडतं ते तुकडा बघूनच सांगता येईल. ताईंकडून पीएनजी घ्या, त्या दोन इंचांवर चालवून दाखवा.

रात्रपाळी | शुक्रवार, रात्री ११:१५

पाठवा ताई. रविवारी सुट्टी आहे.

केळीवाला_काका | शनिवार, सकाळी ६:०५

माती छान झाली म्हणता, पण घड अजून उलटाच आहे.

निळी_शाई | शनिवार, सकाळी ९:३०

काका, विसरले नाही. मालकांना सांगितलं, ते कपाळाला हात लावून हसले आणि म्हणाले घड बदला, बाकी काही हलवू नका. एआयकडून नवा घड काढून घ्यायची आता हिंमत नाही. तुमच्या बागेतल्या घडाचा फोटो मिळेल का? तो घालीन. फोटो या चित्रापेक्षा जास्त टोकदार येईल, तेवढा मऊ करून वरून हाच ग्रेन द्यावा लागेल.

केळीवाला_काका | शनिवार, सकाळी ९:४१

मिळेल की. जी-नाइनचा आहे, भरलेला, पुढच्या हप्त्यात कापणीला येईल. आता काढून पाठवू का व्हॉट्सॲपवर?

निळी_शाई | शनिवार, सकाळी ९:४३

उद्या सकाळी काढा काका, ऊन कोवळं असताना, उजेड डावीकडून येईल असं उभं राहून. आणि पाठवताना गॅलरीतून नका पाठवू. ती पिन दाबली की डॉक्युमेंट येतं, त्यातून. नाही जमलं तर मीच रावेरला येते केबल घेऊन.